डोया, डोळा आणि माझी एक चुकलेली बातमी

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आमच्या तालुका पानावर मी एक फीचर केलं होतं. हेडिंग मीच दिलं होतं : 'डोया जाणार, डोळा राहणार'. उपशीर्षक होतं की आपली वऱ्हाडी आणखी वीस वर्षांची पाहुणी आहे. आदल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला होता. त्यामुळे भाषेवर काहीही लिहिलं तरी लोक वाचत होते. फीचर व्हॉट्सअॅपवर खूप फिरलं आणि मला बरं वाटलं.

आज ही पोस्ट त्या फीचरची दुरुस्ती म्हणून लिहितोय. पेपरात दुरुस्ती चार ओळींची असते, 'नजरचुकीने' वगैरे. ही नजरचूक नव्हती. माझी पद्धतच चुकली होती, आणि ती कशी चुकली हे चार ओळींत सांगता येत नाही. लांब आहे, सवडीने वाचा.

आमच्याकडचं बोलणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्यं. पश्चिम वऱ्हाडात गावाकडच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया, सकाळ म्हणजे सकाय.

मी काय केलं होतं? गावातल्या पारावर आणि दोन घरांत सत्तरीच्या पुढच्या लोकांशी बोललो. सगळे 'डोया' म्हणत होते. मग कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन बारावी सायन्सच्या दहा पोरापोरींपुढे माईक धरला. सगळे 'डोळा' म्हणत होते. म्हातारे य, तरुण ळ. म्हातारे जातील, तरुण राहतील, म्हणजे य संपला. गणित इतकं सोपं वाटलं की पुन्हा तपासावंसं वाटलंच नाही.

चूक दोनदा समोर आली. पहिल्यांदा पावसाळ्यात, गाडीचं पंक्चर काढायला थांबलो तेव्हा. दुकानातला पोरगा आतल्या कारागिराला ओरडला, "अबे तो काया ट्यूब दे ना!" मी वळून पाहिलं. माझ्या फीचरमधल्या दहा जणांपैकी एक. माईकपुढे त्याने 'शाळा', 'फळा', 'काळजी' इतकं स्वच्छ म्हटलं होतं की मी त्याचं वाक्य चौकटीत टाकलं होतं.

दुसऱ्यांदा दिवाळीत. फीचरमध्ये जिचा फोटो होता त्या आजीकडे फराळाला गेलो. आजी माझ्याशी तोलून मापून बोलत होती. डोळ्यांच्या ऑपरेशनचं सांगताना अडखळली, थांबली आणि म्हणाली, "डोळा. आता डोळाच म्हनाव लागते बाप्पा, तुमी पेपरात छापता." नातवाने तिला ते फीचर वाचून दाखवलं होतं आणि वर सांगितलं होतं की हे बोलणं आता जाणार आहे, तू पण सोड. वीस वर्षांत काय व्हायचं ते होईल. त्या घरात माझ्या बातमीने आठ महिन्यांतच काम सुरू केलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मग आठवलं की डिसेंबर २०२४ मध्ये विल्यम लबोव्ह नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ वारले, तेव्हा त्यांच्यावरचे मृत्युलेख मी वाचले होते. हा माणूस आधी शाई बनवण्याच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ होता, एवढंच लक्षात राहिलं होतं. पुन्हा शोधून या वेळी त्यांचा मूळ अभ्यास वाचला. मी एका दुपारी जे केलं तेच काम नीट केलं तर कसं दिसतं, ते त्यात होतं.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. लबोव्ह १९६१ साली तिथे गेले, तेव्हा बेटावर कायम राहणारे लोक सहा हजारांच्या आत होते आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे चाळीस हजारांच्या वर. मासेमारी आणि शेती उतरणीला लागली होती. समुद्राकाठची घरं आणि जमिनी पाहुण्यांच्या हातात जात होत्या.

या बेटावरच्या लोकांचे दोन स्वर वेगळे लागत. आपल्या कानाला ते समजावणं सोपं आहे. इंग्रजीत 'राइट' म्हणताना सुरुवात 'आ'ने होते, तोंड चांगलं उघडतं. बेटावरचे काही लोक ती सुरुवात 'अ'कडे नेत, म्हणजे ऐकायला 'रैट'च्या जवळ. तसंच 'हाउस'चं 'हौस'च्या जवळ. आपला ऐ आणि औ ज्यांना येतो त्यांना हा फरक लगेच कळेल. गंमत म्हणजे बेटावरच्या लोकांना स्वतःला तो ऐकूच येत नव्हता. आपण असं बोलतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाषाशास्त्रात अशा जागेला 'चल' म्हणतात. एकच शब्द, एकच अर्थ, पण त्यातली एक जागा दोन किंवा जास्त प्रकारे उच्चारली जाते. कोण, कुठे, कुणापुढे कोणता प्रकार किती वेळा वापरतो, याचा हिशोब लागतो. 'किती वेळा' हे इथे महत्त्वाचं. कारण माणूस एकतर असा बोलतो किंवा तसा, असं नसतं. तोच माणूस पाच मिनिटांत दोन्ही बोलतो. मी आजीच्या खात्यावर 'य' लिहिला आणि पोराच्या खात्यावर 'ळ', तिथेच पहिला घोळ झाला. मी माणसं मोजली. मोजायच्या होत्या जागा.

म्हणजे कसं? समजा एका आजोबांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात ळ येऊ शकतो अशा ४० जागा आल्या. त्यातल्या ३० ठिकाणी य आला आणि १० ठिकाणी ळ, तर आजोबांचा य ७५ टक्के. नुसते य मोजून चालत नाही. जिथे य येऊ शकत होता पण आला नाही, त्या जागाही मोजायच्या. वाचून दाखवलेलं आणि दुसऱ्याची नक्कल केलेलं वेगळं ठेवायचं.

लबोव्हसमोरचा फरक य-ळसारखा दोनच तुकड्यांचा नव्हता, 'आ'पासून 'अ'पर्यंत हळूहळू सरकणारा होता. म्हणून त्यांनी चार पायऱ्या धरल्या, ० ते ३. पूर्ण 'आ' असेल तर ०, पूर्ण सरकलेला असेल तर ३. मग सरासरी काढून शंभराने गुणायचं. दहा शब्द घ्या. चार शून्याचे, तीन एकाचे, दोन दोनाचे, एक तीनाचा. बेरीज १०, सरासरी १, आकडा १००. कोळ्यांचा 'राइट'मधल्या स्वराचा सरासरी आकडा हाच होता, १००.

६९ लोकांच्या मुलाखतींतून त्यांनी या दोन स्वरांची मिळून पाचेक हजार उदाहरणं मोजली. तुम्ही हा शब्द कसा म्हणता, असं विचारायचं नाही, हे त्यांनी पाळलं. हक्काबद्दल, बरोबर-चूक काय याबद्दल प्रश्न विचारले, म्हणजे 'राइट' हा शब्द समोरच्याच्या तोंडून आपोआप यावा. मी माईक धरून थेट विचारलं होतं, "बेटा, तुझ्या शाळेबद्दल सांग." कॉलेजच्या आवारात, सरांसमोर. त्या ठिकाणी कोण 'शाया' म्हणेल?

आता मुख्य गोष्ट. भाषेतला आवाज बदलतोय का हे बघायचं तर खरं म्हणजे आज मोजावं आणि तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा मोजावं. इतका वेळ कुणाकडे असतो? म्हणून एक युक्ती वापरतात. माणूस विशीपर्यंत जसं बोलायला शिकतो, त्याच्या बोलण्याची मूळ चौकट पुढे साधारण तशीच राहते, असं गृहीत धरायचं. मग आजच्या ऐंशी वर्षांच्या माणसाचं बोलणं म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या तरुणाच्या बोलण्याचा नमुना, आणि चाळिशीतल्या माझं बोलणं म्हणजे २००० सालच्या आसपासचा. वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच दिवशी ऐकली की काळाचे थर एकावर एक दिसतात. विहीर खणताना वरचा थर, खालचा थर दिसतो तसं. काळ प्रत्यक्ष गेलेला नसतो, वयावरून तो गेल्याचा भास घेतलेला असतो. म्हणून याला आभासी काळाची पद्धत म्हणतात.

बेटावर 'राइट'च्या स्वराचे आकडे असे आले : पंचाहत्तरीच्या पुढचे लोक २५. ६१ ते ७५ वयाचे ३५. ४६ ते ६० वयाचे ६२. ३१ ते ४५ वयाचे ८१. म्हातारे कमी, तरुण जास्त, पायरी पायरीने चढत जाणारं. माझ्यासारखा माणूस इथेच हेडिंग देऊन मोकळा झाला असता.

पण शेवटचा गट होता १४ ते ३० वयाचा आणि त्याचा आकडा होता ३७. चढती रेघ धाडकन खाली. मग बदल थांबला? उलटा फिरला?

लबोव्ह गटाच्या आत शिरले. एकाच वयाच्या पोरांमध्ये प्रचंड फरक होता. पंधरा वर्षांच्या चार पोरांचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. दोघांना शिक्षण संपलं की बेट सोडायचं होतं. दोघांचाही 'राइट'चा आकडा शून्य. दोघांना बेटावरच राहायचं होतं. एकाचा ९०, दुसऱ्याचा ११३. वय एकच, बेट एकच. फरक होता तो पुढे कुठे राहायचं याचा. सगळ्या वयांचे लोक घेतले तरी तेच दिसलं. बेटाबद्दल आपलेपणा असणाऱ्यांचा आकडा ६३, धड ना इकडे ना तिकडे असणाऱ्यांचा ३२, आणि ज्यांना बेट नकोसं झालं होतं त्यांचा ९. म्हणजे तो 'ऐ'सारखा स्वर नकळत सांगत होता की आम्ही इथले, उन्हाळ्यात येणारे नाही.

३१ ते ४५ वयाचे सगळ्यात वर का, याचंही उत्तर यात होतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी लष्करात किंवा कॉलेजात बाहेरचं जग पाहिलं होतं आणि परत येऊन इथेच राहायचं ठरवलं होतं. १४ ते ३०च्या गटात मात्र जाणारे आणि राहणारे अजून एकत्रच होते.

हे वाचताना मी माझी ती दहा पोरं आठवली. बारावी सायन्स. कुणी नीटची तयारी करणारं, कुणी जेईईची, पुणं-नागपूर-छत्रपती संभाजीनगर डोळ्यासमोर ठेवलेलं. दहाच्या दहा 'जाणारे'. त्याच दिवशी शेतावर, दुकानात, ट्रॅक्टरवर असलेली त्यांच्या वयाची पोरं मी विचारलीच नाहीत. ती कॉलेजात नव्हती म्हणून माझ्या बातमीत तरुण म्हणून धरलीच गेली नाहीत. पंक्चरवाल्या पोराचा प्रवेश त्या वर्षी झाला नाही आणि तो राहणाऱ्यांत आला. त्याचा 'काया' परत आला, की आधीपासून होताच आणि माझ्यापुढे झाकला होता? मला सांगता येत नाही, कारण माईक नसताना तो कसा बोलतो हे मी तेव्हा ऐकलंच नव्हतं.

आता या पद्धतीची सगळ्यात मोठी अडचण. म्हातारे एक बोलतात आणि तरुण दुसरं, याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, भाषा बदलतेय. दोन, भाषा तिथेच आहे आणि माणसं वयाप्रमाणे बदलतात. प्रत्येक पिढी तरुणपणी एक बोलते आणि वय झालं की दुसरं. आजच्या एका दिवसाच्या मोजणीत दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात.

याचा पडताळा एका जुन्या गोष्टीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये शार्मे नावाचं खेडं आहे. लुई गोशा नावाच्या अभ्यासकाने तिथल्या बोलीवर १९०५ साली लिहिलं. एका खेड्यातले लोक सारखंच बोलतात, असं तेव्हा मानलं जायचं. गोशाला तीन पिढ्यांत तीन प्रकार सापडले. एका उदाहरणाने तर मी खुर्चीतून उठलोच : म्हाताऱ्यांच्या बोलण्यात एक प्रकारचा मऊ 'ल्य' होता, तरुणांच्या बोलण्यात त्याच जागी 'य', आणि मधल्या वयाच्या लोकांत दोन्ही. आमच्या ळ-यचा दूरचा चुलतभाऊच म्हणायचा! दुसरं उदाहरण 'थ'सारख्या एका घर्षक आवाजाचं होतं, त्याचा 'ह' होत होता.

मग हर्मान नावाचे दुसरे अभ्यासक त्याच खेड्यात गेले आणि त्यांचा लेख १९२९ साली आला. 'ल्य'चा 'य' होण्याचा बदल पुढे सरकला होता, म्हणजे गोशाचा वयावरचा अंदाज खरा ठरला. पण 'थ'-'ह'चं हेलकावणं जवळपास होतं तिथेच होतं. एकच खेडं, एकच अभ्यासक, एकच पद्धत. एका आवाजाबाबत निदान बरोबर, दुसऱ्याबाबत चूक. आणि १९०५ साली बसून कोणतं बरोबर आणि कोणतं चूक हे ओळखायला काहीच मार्ग नव्हता.

म्हणून लबोव्ह नुसत्या वयाच्या तक्त्यावर थांबले नाहीत. १९३३ साली न्यू इंग्लंडच्या भाषिक नकाशासाठी त्याच बेटावरच्या चार वयस्क लोकांचे उच्चार कुणीतरी नोंदवून ठेवले होते. लबोव्हनी ते काढले. 'हाउस'चा स्वर १९३३ मध्ये जवळपास अजिबात सरकलेला नव्हता. म्हणजे 'हौस' खरोखरच नवा. वयाच्या तक्त्याला जुन्या नोंदीने दुजोरा दिला.

'राइट'ची कथा निराळी निघाली. १९३३च्या त्या वयस्क लोकांत 'रैट' भरपूर होता. म्हणजे हा आवाज आधी होता, मग ओसरत गेला, १९६१च्या सगळ्यात म्हाताऱ्या गटात २५ वर आला, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी तो पुन्हा उचलला. नुसता १९६१चा तक्ता बघणाऱ्याला वाटलं असतं की हा आवाज नवीन जन्माला आला. प्रत्यक्षात जुना, जवळजवळ गेलेला आवाज परत फिरला होता, कारण लोकांना त्याची गरज वाटली.

आणि १९३०-४०च्या दशकात माझ्यासारखा एखादा तालुका वार्ताहर त्या बेटावर गेला असता, तर त्याने ओसरणारा 'रैट' बघून काय हेडिंग दिलं असतं, हे मला नीट माहीत आहे.

माणसाचं बोलणं विशीनंतर खरंच स्थिर राहतं का, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर मिळतं ते तीच माणसं वर्षांनी पुन्हा ऐकून. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये १९७१ आणि १९८४ साली त्याच लोकांचं फ्रेंच ध्वनिमुद्रित केलेलं आहे. तिथे जिभेच्या टोकाने काढायचा 'र' मागे पडत होता आणि घशातला 'र' पुढे येत होता. बहुतेक माणसं तेरा वर्षांनीही होती तशीच राहिली. काही जण मोठेपणी बदलले, आणि ते बहुधा नव्या 'र'च्याच दिशेने. म्हणजे ही युक्ती पोकळ नाही. पण कुणीतरी मोठेपणी बदलतं, हे सोडून चालत नाही.

आमच्याकडे ही शंका जास्त मोठी आहे. 'रैट' कुणाला ऐकूच येत नव्हता. आमचा 'य' मात्र सगळ्यांना ऐकू येतो. मास्तर वर्गात दुरुस्त करतात, सिनेमात विनोदाला वापरतात, नोकरीच्या मुलाखतीत पोरगा तो आवरतो. ज्या आवाजाची लाज किंवा अभिमान वाटू शकतो, तो माणूस जागेनुसार चढवतो-उतरवतो. शिकताना आणि नोकरीत असताना ळ जास्त, निवृत्तीनंतर पारावर बसल्यावर य जास्त, असं दर पिढीत होत असेल तर? मग माझं फीचर १९८० मध्येही तसंच लिहिता आलं असतं आणि तेव्हाही चुकलं असतं.

हे तपासायला माझ्याकडे एक वेडंवाकडं साधन होतं. नवीन नवीन स्ट्रिंगर असताना, २००४च्या सुमारास, मी शेतकऱ्यांच्या मुलाखती कॅसेटवर घ्यायचो. दोन कॅसेट अजून वाजतात. त्यातला एक जण तेव्हा पंचविशीचा होता, आज पंचेचाळीसच्या पुढे. कॅसेटवर तो माझ्याशी 'काळजी', 'दुष्काळ', 'सकाळी' असं बोलतोय, मध्येच एखादा य निसटतोय. मागच्या महिन्यात त्याच्या मळ्यात जाऊन दोन तास बसलो. त्याच्या परवानगीने फोन चालू ठेवला आणि मग दोघेही तो विसरलो. सगळं बोलणं 'काया-सकाय'मध्येच.

मला वाटलं, सापडलं! वय वाढलं तसा य परत आला. मग घरी येऊन पुन्हा ऐकलं आणि जोर ओसरला. २००४ मध्ये मी त्याच्यासाठी पेपरवाला साहेब होतो, टेबलावर टेपरेकॉर्डर होता. आज मी त्याच्यासाठी भाऊ आहे. बदललं काय, त्याचं वय की आमचं नातं? एका माणसावरून आणि दोन वेगळ्या बैठकींवरून हे वेगळं काढता येत नाही. आणखी एक गोष्ट त्या कॅसेटवर ऐकली. प्रश्न विचारणारा माझा स्वतःचा आवाज. तिथे एकही य नाही. मी घरी आईशी य बोलतो. म्हणजे आमच्या गावातला ळ मोजायला निघालेला माणूस स्वतःच समोरच्याच्या तोंडी ळ ठेवत होता.

तर मग नीट करायचं असेल तर काय करावं लागेल? प्रत्येक वयोगटात शिकायला बाहेर जाणारे आणि इथे राहणारे, दोन्ही घ्यावे लागतील. बायका आणि पुरुष दोन्ही. सगळ्यांना घरी, ओळखीच्या माणसासोबत, दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलतं करावं लागेल. ळच्या सगळ्या जागा मोजाव्या लागतील. आणि त्यासोबत जुनी नोंद शोधावी लागेल. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ सालचा आहे, त्यात वऱ्हाडाचे नमुने आहेत. पण ते लिहून घेतलेले आहेत, ऐकता येत नाहीत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने अलीकडे मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात खरे आवाज आहेत. पुढच्या पिढीतल्या कुणासाठी तेच '१९३३' ठरेल. तुमच्या घरात जुन्या कॅसेट असतील, लग्नाच्या, गप्पांच्या, तर टाकू नका. आवाज, साल, बोलणाऱ्याचं तेव्हाचं वय आणि समोर कोण होतं, एवढं लिहून ठेवा. या चार गोष्टी नसतील तर ती कॅसेट अर्धी मुकी आहे.

आता दुरुस्ती. 'डोया जाणार, डोळा राहणार' हे माझ्याकडच्या माहितीवरून म्हणता येत नव्हतं. वीस वर्षांचा आकडा मी मनाने टाकला होता. माझी माहिती एवढंच दाखवत होती की सायन्सला असलेली आणि बाहेर जाऊ पाहणारी दहा मुलं कॉलेजच्या आवारात पत्रकारासमोर ळ बोलतात. ही बातमी नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. य कदाचित जातही असेल. जाणार नाही असंही मी म्हणत नाही. घाई करून एकदा चुकलो, उलट्या बाजूने पुन्हा घाई करायची नाही.

पोस्ट टाकण्याआधी आजीकडे जाऊन आलो. नातू घरीच होता. त्याला म्हटलं, तुझ्या हातातला तो पेपर चुकला होता, छापणारा मीच. तो हसला. आजी म्हणाली, "मंग आता काय म्हनू?" मी म्हटलं, जे येईल ते. ती चहा ठेवायला उठली आणि आतून सुनेला ओरडली, "अवो, दुधावरची साय काढ, अन् गूय कुठी ठेवला?"

साय ती सायच. गूय म्हणजे गूळ. मी मोजायला लागलो आणि मग थांबलो. आज मोजायला आलो नव्हतो.